एक पोळी मशीन आणि परताव्याचे तीन आकडे

भाऊ, हिंगणा रोडला माझी मेस आहे. मुलं इंजिनिअरिंगची, त्यामुळे मे-जून बंदच असते. चार बाया पोळ्या लाटतात, प्रत्येकीला महिन्याला ८,००० देते. पोळी मशीन घेतलं तर दोघींचा पगार वाचेल. पण पहिले तीन महिने, त्यांना दुसरं काम मिळेस्तोवर, मी त्यांना ठेवीनच. नवं मशीन ३,४०,००० अधिक १८ टक्के जीएसटी. वाहतूक, ओटा, गॅसची लाइन मिळून आणखी १८,८००. पाच वर्षं चालेल आणि मग ७०,००० ला विकलं जाईल म्हणतात. गॅस-वीज वर्षाला ९,००० वाढेल, देखभालीला १८,००० लागतील. विक्रेता म्हणतो परतावा ९४ टक्के. बी.कॉम.ला असलेला भाचा म्हणतो १५. माझा हिशेब लिहिणारे काका म्हणतात २६ च्या आसपास. एका बंद पडलेल्या मेसचं जुनं मशीनही मिळतंय: १,८०,००० ला, तीन वर्षं चालेल, खर्च जाऊन वर्षाला ७२,००० वाचवेल, शेवटी ३०,००० येतील. त्यात पैसे अडीच वर्षांत वसूल होतात, नव्यात तीन वर्षांच्या वर लागतात. बँक ३ लाख द्यायला तयार आहे, १२ टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी. कोणाचा आकडा खरा धरू? आणि मशीन कोणतं घेऊ?
— मेसवाली ताई, नागपूर

ताई,

तुमचा भाचा आणि काका दोघंही बरोबर आहेत. विक्रेत्याचा आकडा मात्र बाजूला ठेवा. तो का ठेवायचा हे आधी सांगतो, कारण त्यातूनच पुढचा सगळा हिशेब उलगडतो.

९४ टक्के असे आले. दोघींचा दहा महिन्यांचा पगार १,६०,०००, मशीनची किंमत ३,४०,०००, तिचं अर्धं १,७०,०००. १,६०,००० ला १,७०,००० ने भागलं की ९४ टक्के. या एका भागाकारात चार गोष्टी गळाल्या आहेत: वाढणारा गॅस-विजेचा आणि देखभालीचा खर्च, जीएसटी, मशीन बसवायचा खर्च आणि घसारा.

जीएसटीचं नीट समजून घ्या. तुम्ही जीएसटीत नोंदलेल्या नसाल, किंवा मेसवर ५ टक्क्यांनी इनपुट क्रेडिट न घेता कर भरत असाल, तर मशीनवर भरलेला जीएसटी तुम्हाला कुठूनही परत मिळत नाही. तो मशीनच्या किमतीचाच भाग झाला. ३,४०,००० वर १८ टक्के म्हणजे ६१,२००. त्यात तुमचे १८,८०० मिळवले की ४,२०,००० होतात. मशीन ओट्यावर बसून पहिली पोळी उतरेपर्यंत तुमच्या हातून जाणारी रक्कम ही आहे. विक्रेत्याच्या कोटेशनवर ठळक अक्षरांत छापलेली ३,४०,००० ही रक्कम हिशेबात घेऊच नका.

बचतही अशीच निव्वळ धरायची. १,६०,००० मधून ९,००० आणि १८,००० वजा केले की १,३३,००० उरतात. सगळं सुरळीत चाललेल्या वर्षात मशीनमुळे तुमच्या गल्ल्यात जास्तीचे राहणारे रोख पैसे एवढेच.

आता नफा आणि रोख यांतला फरक. पेबॅक म्हणजे पैसे वसूल व्हायचा काळ, तो रोखीवर काढतात. परताव्याचा दर, ज्याला वाणिज्यच्या पुस्तकांत अकाउंटिंग रेट ऑफ रिटर्न म्हणतात, तो नफ्यावर काढतात. नफा म्हणजे रोख बचतीतून घसारा वजा करून उरतं ते. ४,२०,००० चं मशीन पाच वर्षांनी ७०,००० चं राहणार, म्हणजे ३,५०,००० झिजणार, वर्षाला ७०,०००. १,३३,००० मधून ७०,००० गेले की नफा ६३,०००. काका आणि भाचा दोघांनीही हाच नफा धरला आहे. त्यांचा फरक पडतो तो फक्त खालच्या आकड्यात, म्हणजे कशाने भागलं त्यात.

भाच्याने ६३,००० ला पूर्ण ४,२०,००० ने भागलं, १५ टक्के आले. हा सुरुवातीच्या गुंतवणुकीवरचा परतावा. काकांनी सरासरी गुंतवणुकीने भागलं. त्यांचं म्हणणं असं: पहिल्या दिवशी तुमचे ४,२०,००० मशीनमध्ये अडकलेत हे खरं, पण दरवर्षी ७०,००० घसाऱ्याच्या रूपाने मोकळे होतात. पहिल्या वर्षाअखेर ३,५०,००० अडकलेले, मग २,८०,०००, असं करत शेवटी ७०,०००. सुरुवातीचे ४,२०,००० आणि शेवटचे ७०,००० यांची बेरीज करून निम्मे केले तर २,४५,००० येतात. पाच वर्षांत सरासरी एवढे पैसे अडकून राहिले. ६३,००० भागिले २,४५,००० म्हणजे २५.७ टक्के.

एकाच मशीनचे १५ आणि २५.७ असे दोन दर कसे, हा तुमचा खरा गोंधळ. नागपुरात ज्याने कधी हप्त्यावर गाडी घेतली त्याला हे अनुभवातून माहीत असतं, फक्त नाव वेगळं असतं. मी पहिली स्कूटर घेतली तेव्हा एका फायनान्सवाल्याने ३०,००० रुपये '८ टक्के फ्लॅट'ने दिले, तीन वर्षांसाठी. वर्षाला २,४०० व्याज, तीन वर्षांचं ७,२००, आणि महिन्याला १,०३३ चा हप्ता. मला वाटलं, बँकेपेक्षा स्वस्त पडलं. पण दर महिन्याला मी मुद्दलही फेडत होतो, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ३०,००० वर लागत होतं. घटत्या शिलकीवर मोजलं तेव्हा तो दर जवळजवळ साडेचौदा टक्के निघाला. हप्ता तोच आणि रुपयेही तेच, तरी मोजायची पद्धत बदलली की दर ८ वरून साडेचौदावर जातो. त्या वेळी हे कोणी समजावून सांगितलं नाही याची चुटपुट अजून आहे, म्हणून तुम्हाला एवढं सविस्तर सांगतोय.

भाच्याचे १५ टक्के हे फ्लॅट दरासारखे आहेत, काकांचे २५.७ हे घटत्या शिलकीच्या जवळ जाणारे. म्हणून पहिला नियम असा की दोन मशीनची तुलना करताना दोन्हींना एकच पद्धत लावायची. नव्याला काकांची आणि जुन्याला भाच्याची लावली तर काहीही सिद्ध करता येतं.

काकांच्या पद्धतीत एक चूक फार जण करतात. सरासरी काढताना शेवटचे ७०,००० मिळवायचे असतात, वजा करायचे नसतात. घसारा काढताना आपण ४,२०,००० मधून ७०,००० वजा केले, तीच सवय हाताला राहते आणि माणूस ३,५०,००० चं निम्मं, म्हणजे १,७५,००० ही सरासरी धरतो. मग परतावा थेट ३६ टक्के दिसतो. विक्रीतून येणारे ७०,००० तर शेवटच्या दिवसापर्यंत मशीनमध्येच अडकलेले असतात, पाचही वर्षं पूर्णच्या पूर्ण. ते सरासरीतून काढून कसे टाकणार? तपासायची सोपी खूण अशी: सरासरी नेहमी सुरुवातीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त यायला हवी. मोडीची किंमत शून्य असेल तरच ती बरोबर निम्मी येते. ४,२०,००० चं निम्मं २,१०,०००. कोणी त्याहून कमी सरासरी दाखवली तर तिथेच थांबवा.

आता बँकेच्या १२ टक्क्यांचं. काकांचे २५.७ बघून 'दुपटीहून जास्त सुटतंय' असं वाटणं साहजिक आहे. पण बँकेचं व्याज प्रत्येक रुपया कोणत्या महिन्यात आला-गेला ते बघून लागतं. परताव्याचा हा दर वेळ बघतच नाही, तो पाच वर्षांचा नफा एका पिशवीत घालून पाचाने भागतो. त्यामुळे बँकेच्या दराशी खरी तुलना यांपैकी कोणत्याच आकड्याची होत नाही. तुमच्या मशीनला वेळेनुसार मोजलं, म्हणजे आज ४,२०,००० गेले, पाच वर्षं दरवर्षी १,३३,००० आले आणि शेवटी ७०,००० आले असं धरलं, तर वर्षाचा खरा दर साधारण साडेवीस टक्के येतो. भाचा त्याच्या खाली राहिला आणि काका वर गेले. बँकेच्या १२ शी तुलना करायची तर ती या साडेवीसची. ती करताना नफ्यातून व्याज वजा करायचं नाही, नाहीतर व्याज दोनदा मोजलं जातं. वरच्या ६३,००० मध्येही मी व्याज धरलेलं नाही.

पण हे सगळं झालं सुरळीत वर्षाचं. तुम्ही त्या दोघींना पहिले तीन महिने ठेवणार आहात. माझ्या मते ते योग्यच आहे, पण त्याला हिशेबात जागा द्यायला हवी. दोघींचे तीन महिन्यांचे ४८,००० पहिल्या वर्षी वाचणार नाहीत. म्हणजे पहिल्या वर्षी हातात १,३३,००० नाही, ८५,००० येतील. पाच वर्षांचा सरासरी नफा ६३,००० वरून ५३,४०० वर येतो. भाच्याचे १५ टक्के होतात १२.७ आणि काकांचे २५.७ होतात २१.८.

इथे परताव्याच्या दराचा आंधळेपणा दिसतो. समजा बायांना तुम्ही लगेच सोडलं, पण पाचव्या वर्षी बर्नर आणि चेन बदलण्यात तेवढेच ४८,००० गेले. परतावा काय येईल? तेच १२.७ आणि तेच २१.८. दशांशाचाही फरक नाही. तुम्हाला मात्र पहिल्या वर्षी, डोक्यावर हप्ते असताना ४८,००० कमी पडणं आणि कर्ज फिटल्यावर पाचव्या वर्षी कमी पडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पेबॅकला तो कळतो. पहिल्या वर्षी तूट आली तर पैसे वसूल व्हायला साडेतीन वर्षं लागतात; पाचव्या वर्षी आली तर ३ वर्षं २ महिनेच, कारण तोवर पैसे वसूल होऊन गेलेले असतात. वेळेनुसारचा खरा दर पहिल्या स्थितीत साधारण १७ टक्क्यांच्या आतबाहेर राहतो, दुसरीत साडेअठरा. भाच्याला संगणकाच्या तक्त्यात हे टाकायला सांगा, तो दर एका ओळीत निघतो:

```
=IRR({-420000,85000,133000,133000,133000,203000})
```

शेवटचे २,०३,००० म्हणजे पाचव्या वर्षाची बचत आणि मशीन विकून आलेले ७०,००० मिळून.

एक आणखी गोष्ट, कारण पुढच्या वर्षी काका तुम्हाला हाच हिशेब पुन्हा करून दाखवतील. काही जण दर वर्षीचा नफा त्या वर्षीच्या पुस्तकी किमतीने भागतात. पहिल्या वर्षीची तूट बाजूला ठेवून वर्षाच्या मध्याची किंमत धरली तर तुमच्या मशीनचा परतावा पहिल्या वर्षी १६ टक्के आणि पाचव्या वर्षी ६० टक्के दिसेल. मशीन काही सुधारलेलं नसतं. नफा तोच राहतो, फक्त भागायचा आकडा घसाऱ्याने आकसत जातो. पाचव्या वर्षी 'मशीन ६० टक्के देतंय, मग विकायचं कशाला' असा निर्णय कोणी घ्यायला लावला तर हे आठवा. जुनं ठेवायचं की बदलायचं हे ठरवताना पुस्तकी किंमत नाही, तर आज बाजारात काय येईल ते बघायचं.

आता जुन्या मशीनकडे वळू. १,८०,००० मधून ३०,००० वजा, राहिले १,५०,०००, तीन वर्षांचा घसारा वर्षाला ५०,०००. ७२,००० मधून ते गेले की नफा २२,०००. सुरुवातीच्या गुंतवणुकीवर १२.२ टक्के, सरासरीवर २१. पेबॅक अडीच वर्षं, तुम्ही लिहिलंय तसंच. म्हणजे दोन्ही मशीन सुरळीत चालली असं धरलं तर परताव्याच्या दोन्ही पद्धती नव्याच्या बाजूने बोलतात आणि पेबॅक जुन्याच्या बाजूने. इथे खरंच निवड करावी लागते.

पेबॅक जुन्याच्या बाजूने का बोलतो ते बघा. पैसे वसूल झाल्याच्या दिवशी तो वही मिटतो, पुढचं बघत नाही. जुन्या मशीनमध्ये अडीच वर्षांनंतर उरतं सहा महिन्यांचं काम, ३६,००० ची बचत आणि विकून येणारे ३०,०००. एकूण ६६,०००. नव्यात सुरळीत चाललं तर ३ वर्षं २ महिन्यांनंतर जवळजवळ १ वर्ष १० महिने उरतात. त्यातली बचत आणि विक्रीचे ७०,००० मिळून ३,१५,००० होतात. पहिल्या वर्षीची ४८,००० ची तूट धरली तरी २,६७,०००. ही सगळी कमाई पेबॅकच्या नजरेच्या पलीकडे आहे. नवं मशीन महाग आहे म्हणून रुपये जास्त दिसणारच, हे मान्य. पण वेळेनुसारचा दर काढला तरी नव्याचा तूट धरून १७ च्या जवळ येतो आणि जुन्याचा १६ च्या थोडा वर. दर जवळजवळ सारखे आहेत, आणि जुनं मशीन तीन वर्षांनी तुम्हाला पुन्हा बाजारात उभं करणार, तेव्हाच्या भावाने. शिवाय जुन्याच्या हिशेबातही तुम्ही बायांना तीन महिने ठेवणार असाल तर त्याचीही पहिल्या वर्षाची बचत घटेल. ७२,००० मध्ये तुम्ही ते धरलंय का, हे तपासा. धरलं नसेल तर ४८,००० ची तूट १,८०,००० च्या मशीनला फार जास्त लागते आणि जुन्याची बाजू पडते: तीन वर्षांत त्याच्याकडून विक्रीसकट एकूण जास्तीचे फक्त १८,००० हाती येतील.

तरीही मी पेबॅकला फेकून द्या म्हणणार नाही. तो एका प्रश्नाचं उत्तर इतर कोणाहूनही चांगलं देतो: माझ्या हातात किती काळ नक्की आहे? तुमच्या मेसची जागा भाड्याची असेल तर करार किती महिन्यांचा आहे ते काढून बघा. आपल्याकडे अकरा महिन्यांचे करार सर्रास असतात. मालक दरवर्षी नवा करून देतो, पण द्यायलाच हवा असं नाही. मशीन उचलून नेता येतं. मात्र ओटा आणि गॅसची लाइन तिथेच राहते, आणि नव्या जागेच्या आसपास होस्टेल नसलं तर मुलं तुमच्यामागे येत नाहीत. दोन-अडीच वर्षांनंतरचं काहीच सांगता येत नसेल, तर साडेतीन वर्षांचा पेबॅक मला चालणार नाही, परतावा कितीही दिसो. जागा स्वतःची असेल किंवा मालकाशी तीन-चार वर्षांचा लेखी करार होत असेल, तर हा मुद्दा संपतो.

पेबॅकचा दुसरा उपयोग कर्जाच्या मुदतीशी ताडून बघायला. इथेच तुमच्या योजनेत खरी अडचण आहे, आणि ती मशीनची नाही, बँकेच्या तीन वर्षांची आहे. ३ लाख, १२ टक्के, ३६ महिने, म्हणजे महिन्याला ९,९६४ चा हप्ता, वर्षाला साधारण १,१९,६००. पहिल्या वर्षी मशीन देणार ८५,०००. जवळजवळ ३४,६०० तुम्हाला मेसच्या दुसऱ्या कमाईतून घालावे लागतील, आणि त्यातले काही मे-जूनमध्ये, जेव्हा मेस बंद असते आणि हप्ता चालू असतो. पुढच्या दोन वर्षांत १,३३,००० मधून हप्ता गेला की वर्षाला १३,४०० उरतात. एखादी दुरुस्ती जरा मोठी निघाली तर तेही गेले. साडेतीन वर्षांत पैसे परत देणाऱ्या मशीनवर तीन वर्षांत फेडायचं कर्ज घेतलं की अशी ओढाताण होणारच. परताव्याचा १५ किंवा २६ टक्क्यांचा आकडा हे तुम्हाला कधीच सांगणार नाही.

तेच कर्ज पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ६,६७३, वर्षाला ८०,१००. पहिल्या वर्षाच्या ८५,००० मध्ये तो जेमतेम बसतो, पुढे आरामात बसतो. व्याज एकूण जास्त जाईल: तीन वर्षांत ५८,७०० च्या आसपास, पाच वर्षांत एक लाखाच्या थोडं वर. या जास्तीच्या ४१-४२ हजारांत तुम्ही पहिल्या वर्षाचा श्वास विकत घेता. मला तो सौदा पटतो. त्यातही मुदतीपूर्वी फेडलं तर दंड लागतो का, हे बँकेला लेखी विचारा. लागत नसेल तर दुसऱ्या वर्षापासून उरलेले पैसे मुद्दलात भरत जा, व्याज आपोआप कमी होईल.

सही करण्याआधी दोन आकडे मात्र स्वतः पडताळून बघा, कारण सगळा हिशेब त्यांच्यावर उभा आहे.

पहिला, मोडीचे ७०,०००. हा विक्रेत्याचा शब्द आहे. शून्य धरून हिशेब पुन्हा करा. घसारा वर्षाला ८४,००० होतो, पहिल्या वर्षीची तूट धरून सरासरी नफा ३९,४०० राहतो, सुरुवातीच्या गुंतवणुकीवर ९.४ टक्के आणि सरासरीवर १८.८. पेबॅक हलत नाही, तो मोडीकडे बघतच नाही. वेळेनुसारचा दर साधारण साडेतेरावर येतो. तरीही बँकेच्या १२ च्या वर राहतो, म्हणून मला फार काळजी नाही. पण मोड शून्य झाल्यावर तो १२ च्या खाली गेला असता तर मी तुम्हाला थांबवलं असतं.

दुसरा, दोघींचा पगार खरंच वाचतो का. मशीनला कणीक हाताच्या कणकेपेक्षा वेगळी, ठरावीक मऊपणाची लागते. ती मळायला, गोळे टाकायला आणि फुगलेल्या पोळ्या उचलून तूप लावायला माणूस लागतंच. विक्रेत्याला सांगा की त्याने ज्या मेसला हे मशीन विकलं ती दाखव. तिथे सकाळच्या घाईच्या वेळी जा आणि किती बाया काम करतायत ते स्वतः मोजा. चारऐवजी तीन दिसल्या, म्हणजे दोघींऐवजी एकीचाच पगार वाचतो असं निघालं, तर बचत १,३३,००० वरून ५३,००० वर येते. ७०,००० च्या घसाऱ्यापुढे ती कमी आहे, परतावा उणे जातो आणि पेबॅक आठ वर्षांचा होतो, तोही पाच वर्षं चालणाऱ्या मशीनचा. ती एक सकाळ तुम्हाला काका, भाचा आणि माझ्यापेक्षाही जास्त सांगेल.

तिथे दोनच बाया दिसल्या, जागेचा करार झाला आणि बँक पाच वर्षांना तयार झाली, तर नवं मशीन घ्या. जूनच्या शेवटी आणा, म्हणजे पहिला हप्ता मुलं परत आल्यावर पडेल आणि सुट्टीचे दोन महिने वर्षाच्या शेवटी येतील. मार्चमध्ये 'आर्थिक वर्षाअखेरीची सूट' म्हणून कोणी गळ्यात मारायला बघितलं, तर त्या सवलतीची रक्कम मे-जूनच्या दोन हप्त्यांशी, म्हणजे १३,३४६ शी ताडून बघा आणि मगच बोला.